एक शुभेच्छा, चार पिढ्या



माझा सारा जन्म हस्तपत्रके लिहिण्यात आणि कारखान्याच्या दारावरील फळा रंगवण्यात गेला. शाळा दहावीलाच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सोलापूरच्या वाचनालयात आणि पॉवरलूमच्या खडखडाटात झाले. अशा माणसाने या व्यासपीठावरून संपाबद्दल बोलावे, बोनसबद्दल बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज मी फार लहान वाटणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलणार आहे. घरातील पाचपंचवीस माणसांचा जो व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो, ज्यात आजीपासून पणतीपर्यंत सगळे असतात, त्या ग्रुपवर सणाची शुभेच्छा पाठवताना चित्र कोणते घ्यावे, शब्द कोणते लिहावे आणि भाषा कोणती वापरावी, एवढाच माझा विषय आहे.

विषय मला एका चुकीने शिकवला. ती चूक माझीच असल्यामुळे ती आधी सांगून टाकतो.

२०२२ च्या आश्विनात माझे थोरले चुलतभाऊ वारले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पुढे अडीच-तीन महिन्यांनी, २०२३ च्या जानेवारीत संक्रांत आली. मी पहाटे उठलो. कोणीतरी मला एक चित्र पाठवले होते. दागिन्यांनी मढलेली स्त्री, हातात हळदीकुंकवाचा करंडा, भोवती चमचमणारे तारे, आणि खाली ठळक अक्षरांत सर्व सुवासिनींना अखंड सौभाग्याच्या शुभेच्छा. मी ते नीट पाहिलेही नाही. अंगठा उचलला आणि घरच्या ग्रुपवर ढकलून दिले. दिवसभरात हात जोडल्याची बारा-तेरा चिन्हे आली. मला वाटले, कर्तव्य झाले.

वहिनी त्या ग्रुपमध्ये होत्या. त्यांनी ग्रुप सोडला नाही आणि तक्रारही केली नाही. फक्त बोलणे सोडले. रोज सकाळी तुळशीचा फोटो टाकणारी बाई गप्प झाली आणि ते माझ्या ध्यानात यायला चैत्र उजाडला. त्याचे कारण मला माझ्या मुलीने सांगितले. ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही काकूंना शुभेच्छांतून वगळले. सगळ्यांच्या देखत वगळले."

ज्या माणसाने २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेचे कौतुक चारचौघांत केले होते, विधवांचे कुंकू पुसण्याची आणि बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा त्या गावाचा ठराव छापील पत्रकात घालून वाटला होता, त्याच माणसाने आठ महिन्यांनी हे चित्र स्वतःच्या घरात पाठवले होते. यात दुष्टावा नव्हता, पण चित्र न पाहता पाठवण्याचा दोष माझाच होता, आणि माझ्या मुलीने तो मला सोडवून घेऊ दिला नाही.

पत्राला वाचणारा होता

मग मी विचार करू लागलो की हा घोटाळा पूर्वी का होत नसे. पूर्वीही एकच पत्र सबंध घराला येत असे. त्यातही आजोबा होते, सुना होत्या, लहान मुले होती. आपले जुने मराठी पत्र आठवा. शेवटी ठरलेले वाक्य असे: घरातील थोरांस नमस्कार, लहानांस अनेक आशीर्वाद. एका ओळीत सगळ्या पिढ्यांची सोय. पण खरी सोय त्या ओळीत नव्हती. खरी सोय ही होती की ते पत्र घरात कोणीतरी एकजण मोठ्याने वाचून दाखवीत असे.

तो वाचणारा फार मोलाचे काम करी. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी तो वाची. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासाठी दोनदा वाची. लहान मुलाला कठीण शब्द सोपा करून सांगे. आणि समोर कोणी दुःखात बसलेले असेल तर एखादी ओळ हलकेच गाळून पुढे जाई. माझे वडील गिरणीत होते. चाळीतल्या आठ घरांची पत्रे ते वाचून दाखवीत. कोणती ओळ कोणासमोर वाचायची नाही हे त्यांना बरोबर कळे.

ग्रुपला असा वाचणारा नाही. तेथे प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात, आपापल्या चष्म्यातून, एकटाच वाचतो. म्हणून त्या वाचणाऱ्याचे काम आता पाठवणाऱ्याने आधीच करून ठेवले पाहिजे. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. बाकी सगळा तपशील त्यातून निघतो.

फळा रंगवताना आम्ही हेच करीत आलो. तिसऱ्या पाळीतून सुटलेला, डोळ्यांत सुताचा भुगा गेलेला, घाईत असलेला कामगार फाटकातून बाहेर पडताना काय वाचू शकेल, हे मनाशी धरून अक्षराचा आकार आणि मजकुराची लांबी ठरते. पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या पुढाऱ्यासाठी फळा लिहायचा नसतो. तेव्हा पुढच्या संक्रांतीला, म्हणजे २०२४ साली, मी एक कागद घेतला आणि आमच्या ग्रुपमधील शेवटच्या रांगेतली माणसे कोण आहेत ते लिहून काढले.

पाच नावे निघाली. पहिली आमची आत्या, वय चौऱ्याऐंशी, शिक्षण चौथीपर्यंत, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. फोनवरील अक्षर मोठे केल्याशिवाय तिला वाचता येत नाही. दुसऱ्या वहिनी. तिसरी पुतण्याची बायको, म्हैसूरकडची. तिची भाषा कानडी, शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी वाचते, पण मराठी सावकाश. चौथे आमचे जावई, सोलापूरच्या तेलुगू घरातले. घरात तेलुगू बोलतात, पण शाळा मराठी, म्हणून तेलुगू लिपी त्यांना वाचता येत नाही. आणि पाचवी आत्याची पणती, अकरा वर्षांची, अमेरिकेत न्यू जर्सीला. मराठी ऐकून समजते, वाचता मुळीच येत नाही. उरलेल्या वीस-बावीस माणसांना काहीही पाठवले तरी चालले असते. या पाच जणांना जे पोचेल ते त्यांनाही पोचणारच होते.

चित्र

पहिला प्रश्न चित्राचा. तयार चित्र पुढे ढकलले तर ते निवडलेले नाही हे आता लपतही नाही. २०१८ पासून असा मजकूर पुढे पाठवला की त्यावर तशी खूण उमटते, आणि तो पुष्कळ हातांतून आलेला असेल तर दुहेरी बाण दिसतो. लग्नाच्या आहेरावर दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी तशीच राहून जावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय अशा चित्रावर तारीख असते. संक्रांत बहुधा १४ जानेवारीला येते, पण नेहमीच नाही. २०२४ साली ती १५ जानेवारीला होती. त्या वर्षी आमच्या ग्रुपवर जुनी चित्रे भोगीच्याच दिवशी येऊन पडली आणि आत्याने विचारले, "अरे, आज भोगीची भाजी करायची की नाही?"

तेव्हा चित्र स्वतःचे काढायचे ठरले. कशाचे काढावे? मुलीने सिद्धेश्वराच्या यात्रेतील नंदीध्वज सुचवले. सोलापूरच्या माणसाला संक्रांत म्हटली की ते सात नंदीध्वज आणि गड्ड्याची यात्रा आठवते हे खरे. पण फोनच्या पडद्यावर गर्दीतला नंदीध्वज म्हणजे एक उभी काठी दिसते. आम्हाला तिचा अर्थ ठाऊक. म्हैसूरच्या सुनेला आणि न्यू जर्सीच्या मुलीला तो समजावून सांगावा लागला असता. शुभेच्छेबरोबर टीप जोडावी लागत असेल तर ते चित्र त्या ग्रुपसाठी नव्हे. पतंग घेतला असता तर तो कोणाच्याही घरचा असू शकला असता.

शेवटी आम्ही आत्याचा हात घेतला. तळहातावर तिळगुळाच्या दोन वड्या आणि मनगटावर तिचे हिरवे गोंदण. त्या गोंदणावरून आमच्या घरातील प्रत्येक मूल तो हात ओळखते, कारण प्रत्येकाने लहानपणी त्यावर बोट फिरवलेले आहे. आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणालाच बोललो नाही. आत्याला वैधव्य येऊन तीस वर्षे झाली आहेत. त्या मनगटावर सौभाग्याची खूण एकही नाही. तरी संक्रांतीचा तिळगूळ त्या हातावर होता आणि तो हात देणाऱ्याचा होता.

फोटो कसा काढला तेही सांगतो, कारण यात लोक फसतात. सकाळी नऊच्या सुमारास खिडकीजवळ आत्याला बसवले. ऊन थेट अंगावर येऊ दिले नाही. फोनचा दिवा बंद ठेवला. तो लावला की गुळाची वडी पांढरी पडते आणि कातडी मेणासारखी दिसते. मागे स्टीलचे ताट होते, ते काढून साधी चादर ठेवली, कारण स्टीलमध्ये फोटो काढणाऱ्याचेच तोंड उमटते. फोटो लांबून न काढता हात चौकटीत मावेल इतक्या जवळून काढला, आणि उभा लांबट न ठेवता जवळजवळ चौकोनी ठेवला. उभे लांब चित्र ग्रुपवर वरखाली कापलेले दिसते. पूर्ण पाहायचे तर त्याला बोट लावून उघडावे लागते, आणि आत्यासारखी माणसे ते उघडत नाहीत. मग तपासणी: फोन हातभर लांब धरला, चष्मा काढला, आणि काय दिसते ते स्वतःला विचारले. हात आणि वडी ओळखू आली तर चित्र पास.

अक्षरे चित्रात की चित्राखाली?

चित्र झाल्यावर मुलगा म्हणाला, यावर आता छान अक्षरांत शुभेच्छा लिहून देतो. आमचा पहिला वाद येथे झाला, आणि त्यात माझ्या फळ्याच्या अनुभवाला थोडी शरणागती पत्करावी लागली. फळ्यावर चित्र आणि अक्षर एकत्रच असते. फोनवर मात्र दोन्ही वेगळी ठेवलेली बरी.

कारण असे. चित्राखाली जो मजकूर आपण टाईप करतो तो फोनच्या दृष्टीने अक्षरे असतो. आत्याने आपल्या फोनवर अक्षर मोठे करून ठेवले असेल तर आपला मजकूर तिला आपोआप मोठा दिसतो. ज्याला दिसत नाही त्याच्या फोनमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय असते, ती तो वाचू शकते. सुनेला एखादा शब्द अडला तर तो उचलून ती अर्थ पाहू शकते. तोच मजकूर चित्रात रंगवला की तो फोनच्या लेखी अक्षर राहत नाही, रंगांचा ठिपका होतो, आणि या सगळ्या सोयी बहुधा निरुपयोगी होतात. शिवाय पाठवताना चित्र दाबून लहान केले जाते, तेव्हा बारीक आणि वळणदार अक्षरांच्या कडा विरघळतात. कोणी त्याचा स्क्रीनशॉट काढून पुढे धाडला की आणखी विरघळतात.

देवनागरीची अडचण याहून वेगळी आहे. आपली ऱ्हस्व वेलांटी टाईप करताना अक्षरानंतर येते, पण दिसायला हवी अक्षराच्या आधी. आपली जोडाक्षरे दोन अक्षरे आणि हलन्त मिळून बनतात. चित्रावर अक्षर टाकण्याच्या ज्या साधनाला हा हिशेब कळत नाही, ते "हार्दिक" चे "हार्दकि" करते आणि "शुभेच्छा" मधील "च्छा" फोडून टाकते. मुलाने पहिल्यांदा जे चित्र करून आणले त्यात हेच झाले होते, आणि त्याच्या ते लक्षातही आले नव्हते, कारण आपण ओळखीचा शब्द वाचत नाही, आठवतो. हे पकडायचा उपाय म्हणजे शब्द उलटीकडून, एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचणे. छापखान्यातले जुने मुद्रितशोधक हेच करीत.

म्हणून आम्ही चित्र कोरे ठेवले आणि शब्द खाली लिहिले.

शब्द

आता शब्द. मी पहिला मसुदा केला तो असा होता: "मकरसंक्रांतीच्या सर्वांना हार्दिक शुभेच्छा. हे पर्व आपणा सर्वांच्या जीवनात सुख, समृद्धी, आनंद आणि भरभराट घेऊन येवो." मुलीने वाचला आणि म्हणाली, "बाबा, हे तुम्ही कोणत्या बँकेसाठी लिहिले?" तिचे खरे होते. या मजकुरातील एकही शब्द आमच्या घरचा नव्हता. तो कोणीही कोणालाही पाठवू शकतो, म्हणून तो कोणालाच आलेला नसतो. आणि ज्या घरात वर्षभरापूर्वी माणूस गेले आहे, तेथे आनंद आणि भरभराट एका दमात सांगणे म्हणजे दाराशी ताशा वाजवणे.

दुसऱ्या मसुद्यात मी विनोद करायला गेलो. "आली पुन्हा संक्रांत आपल्यावर," असे काहीतरी लिहिले. हे तर त्याहून वाईट. मराठीत सण म्हणून संक्रांत गोड आहे, पण कोणावर संक्रांत येणे म्हणजे संकट येणे. तरुण मंडळींच्या कानाला हा फरक जाणवत नाही. आत्याच्या कानाला तो ताबडतोब टोचला असता. वाक्यात "वर" आला की अर्थ फिरतो. म्हणून साधे लिहावे: आज संक्रांत.

ठरलेल्या वचनातही सावधपणा हवा. तिळगूळ घ्या, गोड बोला, इथपर्यंत कोणाला काही वाटत नाही. उलट मराठीची एक सोय त्यात आहे: "घ्या" आणि "बोला" ही रूपे आदरार्थीही आहेत आणि अनेकांसाठीही आहेत, म्हणून आत्यालाही चालतात आणि पोरांनाही. तू की तुम्ही हा पेच पडतच नाही. पण त्याच्या पुढे मुले जे सांडण्या-भांडण्याचे यमक जोडतात ते आमच्या ग्रुपवर नको होते. गावाकडच्या घराच्या वाटणीवरून दोघा भावांत अबोला आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाला ती ओळ आपल्यालाच मारलेली वाटली असती. समेट घडवायचा असेल तर घरी जाऊन बसावे. मी कैक तडजोडी केल्या आहेत, त्यातली एकही फळ्यावर लिहून झालेली नाही.

राहिला अण्णांचा प्रश्न. त्यांचे नाव घ्यावे की नाही? आमच्याकडे वर्षभर त्या घरात सण करीत नाहीत. वर्ष होऊन गेले होते. नाव घेतले तर वहिनींना दुःख होईल, न घेतले तर आम्ही विसरलो असे वाटेल. हा अंदाज करायचा विषय नव्हता. मी भोगीच्या आदल्या दिवशी वहिनींकडे गेलो, गेल्या वर्षीच्या चित्राबद्दल माफी मागितली, आणि विचारले.

वहिनी बराच वेळ गवार मोडीत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, नाव घ्या. पण 'कैलासवासी' लिहू नका. त्यांना पाक पक्का झाला की नाही ते बोटावर बघायची खोड होती, तेवढे लिहा."

एवढा एक उपाय मी आपल्याला खात्रीने सांगू शकतो. ग्रुपमध्ये ज्याच्या घरी दुःख झाले आहे त्याला आधी एकट्याला भेटावे किंवा फोन करावा आणि मग सगळ्यांना लिहावे. हा क्रम उलटा झाला की शब्द कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही.

भाषा

भाषेबाबत दोन टोके दिसतात. एक, सगळे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहून मोकळे व्हावे. आपल्याकडे फिरणाऱ्या निम्म्या चित्रांवर "मकर संक्रांति की हार्दिक शुभकामनाएँ" असते आणि मराठी घरे ती मराठी घरांना पाठवतात. मला त्यात भाषेचा द्वेष करायचा नाही, पण ज्या आत्याने आयुष्यात कधी "शुभकामना" हा शब्द उच्चारला नाही तिला तो पुतण्याने का पाठवावा? दुसरे टोक म्हणजे एकच मजकूर चार भाषांत चारदा लिहिणे. मग ती शुभेच्छा न राहता रेल्वे स्टेशनवरची पाटी होते, आणि प्रत्येकजण आपली ओळ शोधून बाकीच्या सोडून देतो.

आम्ही मधला मार्ग काढला. मुख्य मजकूर मराठीत, कारण घर मराठी आहे. सून आणि जावई यांच्या भाषेत एकेक ओळ, पण ती मराठीचे भाषांतर नव्हे. त्या भाषेत त्या दिवशी लोक खरोखर जे म्हणतात तेच. सुनेला विचारले तेव्हा मला नवीनच कळले. त्यांच्याकडे तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे यांचे मिश्रण वाटतात आणि म्हणतात: "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." एळ्ळु म्हणजे तीळ, बेल्ल म्हणजे गूळ, ते खा आणि चांगले बोला. आमच्या वचनाचे हे सख्खे भावंड निघाले. सुनेची ओळ मी कानडी लिपीत तिच्याकडूनच टाईप करून घेतली. येथे छापताना देवनागरीत देतो. जावयांची ओळ मात्र तेलुगू लिपीत लिहिणे चुकीचे झाले असते. त्यांना ती वाचता आली नसती, आणि स्वतःची भाषा वाचता येत नाही हे ग्रुपसमोर उघडे पडले असते. म्हणून त्यांची ओळ देवनागरीत. भाषा माणसाची आणि लिपी त्याच्या शाळेची. दोन्ही वेगवेगळ्या विचाराव्या लागतात.

न्यू जर्सीच्या मुलीसाठी मुलाने मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहून पाहिले. त्यात एक गंमत झाली. "गोड" हा शब्द त्या लिपीत लिहिला की इंग्रजी शिकलेले मूल तो "गॉड" वाचते. "गोड गोड बोला" चे "देव देव बोला" झाले! तेव्हा आम्ही लेखणी बाजूला ठेवली. तिला वाचता येत नाही, ऐकून तर समजते ना? मग आत्याच्याच आवाजात दहा-बारा सेकंदांचे बोलणे भरून घेतले. त्यासाठी पंखा बंद केला, फोन तोंडापासून वीतभर लांब धरला, आणि आत्याला काहीही पढवले नाही. ती म्हणाली, "बाळा, तिळगूळ घे गं. थंडी आहे का तिकडे?" एवढेच.

१५ जानेवारीला सकाळी आठ वाजता आम्ही पाठवले. त्या वेळी न्यू जर्सीला आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. मूल जागे असते. पहाटे पाचला पाठवून पहिला नंबर लावण्यात काही हशील नाही. शेवटचा मजकूर असा होता:

"थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आज संक्रांत. वड्या आत्याने केल्या आहेत. यंदा पाक बोटावर बघायला अण्णा नव्हते, म्हणून जरा कडक झाल्या, सावकाश खा. तिळगूळ घ्या, गोड बोला. एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि. संक्रांति शुभाकांक्षलु."

कळायचे कसे?

शुभेच्छा पोचली की नाही हे कसे ओळखावे? कोणी कोणी पाहिले हे फोन सांगतो, पण पाहणे म्हणजे पोचणे नव्हे. हात जोडल्याची चिन्हे मोजूनही काही कळत नाही. ती मला माझ्या त्या वाईट चित्रालाही बारा-तेरा मिळाली होती. माझी कसोटी साधी आहे. उत्तरात त्या शुभेच्छेतला एखादा तपशील परत आला तर ती वाचली गेली. त्या दिवशी जावयांनी विचारले की गूळ कुठला वापरला. पणतीने आवाजाला आवाजानेच उत्तर दिले: बाहेर बर्फ आहे. आणि दुसरी कसोटी, जी मी आता कधी सोडत नाही: नेहमी बोलणारा कोण त्या दिवसानंतर गप्प झाला, ते आठ दिवस पाहावे.

याला मर्यादा आहे तीही सांगतो. वाटणीवरून भांडणारे दोघे भाऊ त्या दिवशीही एकमेकांशी बोलले नाहीत. शंभर जणांच्या गावकीच्या ग्रुपवर अशी यादी करता येत नाही. तेथे चार साध्या शब्दांपलीकडे जाऊ नये. आणि दर सणाला एवढी खटपट कोणालाच जमणार नाही. मी वर्षातून दोनदा करतो. इतर दिवशी नुसते "आज पाडवा, सगळ्यांना नमस्कार" एवढे स्वतः टाईप करून थांबतो.

वहिनींचे उत्तर संध्याकाळी आले. मजकूर काही नव्हता. तुळशीचा फोटो होता, आणि तुळशीपुढे बशीत दोन वड्या.